मित्राच्या लग्नात हॉस्टेलच्या ग्रुप फोटोवरून बोलणार आहात? या चुका टाळा

जिवलग मित्राच्या लग्नात चार शब्द बोलायचे ठरले की हॉस्टेलचा जुना ग्रुप फोटो हमखास बाहेर निघतो. फोटोपासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. मात्र अशी भाषणे ज्या ठिकाणी फसतात, ती ठिकाणे बहुतेक वेळा तीच असतात, आणि त्यांतील बरीचशी दुरुस्ती भाषण लिहिण्यापूर्वी, फोटो नीट पाहण्याच्या टप्प्यावरच करता येते. लग्नाची भाषणे तपासून देण्याचे काम ओळखीच्या लोकांसाठी मी अनेकदा करतो. त्यांपैकी एका मसुद्याच्या आधाराने हे सांगणे सोपे जाईल. ज्यांचा फोटो होता त्यांच्या संमतीने तपशील दिले आहेत आणि नावे गाळली आहेत.

फोटो एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांच्या हॉस्टेलचा होता. पायऱ्यांवर तीन रांगांत एकतीस मुले, मध्यभागी खुर्चीवर रेक्टर, एका टोकाला मेसचे काका. मूळ प्रत सहा बाय चार इंचांची, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली. नवरदेव दुसऱ्या रांगेत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कॅमेऱ्याकडे न पाहता मागे वळून कोणाला तरी काही सांगत असलेला. भाषण करणारा त्याचा चार वर्षांचा रूम पार्टनर.

फोटोची हजेरी घेणे

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: “या फोटोत डावीकडून पहिला जो आहे तो आता अमेरिकेत असतो, त्याच्या शेजारचा आमचा मेस सेक्रेटरी, त्याच्या मागे ज्याचे डोळे मिटले आहेत तो…” अशा रीतीने अकरा जणांची ओळख झाल्यावर नवरदेव अवतरत होता. फोटोतील मंडळींपैकी सात-आठ जण सभागृहात असणार होते आणि त्यांना यात मजा आलीही असती. पण उरलेल्या तीनशे पाहुण्यांसाठी, ज्यांत वधूकडील आजीही आहेत आणि नवरदेवाच्या कार्यालयातील वरिष्ठही, ही न पाहिलेल्या माणसांची यादी होती. यादी ऐकताना माणूस जेवणाच्या काउंटरकडे पाहू लागतो.

यावरचा उपाय वाक्ये कमी करणे हा नव्हे. फोटोतील एकच तपशील निवडावा आणि तो तीन कसोट्यांवर घासून पाहावा. तो तपशील नवरदेवाच्या स्वभावाबद्दल काही सांगतो का? हॉस्टेलमध्ये कधीही न राहिलेल्या माणसाला तो एका वाक्यात समजतो का? आणि फोटो न दाखवता, केवळ शब्दांतून तो डोळ्यांसमोर उभा राहतो का? तिसरी कसोटी लोक विसरतात, पण ऐन वेळी पडदा सुरू झाला नाही तर तीच कामी येते.

आमच्या फोटोत असा तपशील शोधताना नवरदेवाचे विस्कटलेले केस किंवा त्या काळची केशरचना यांवर वक्त्याची नजर वारंवार जात होती. अशा गोष्टींवर हशा पिकतो, परंतु त्या कोणाच्याही फोटोत सापडतात आणि म्हणून नवरदेवाबद्दल काहीच सांगत नाहीत. मग मी त्याला विचारले, की नवरदेव मागे वळून नेमका कोणाकडे पाहतो आहे? मागच्या रांगेत एक उंच मुलगा काळ्या ब्लेझरमध्ये उभा होता, आणि त्या ब्लेझरच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या चार बोटे वर संपत होत्या. “हां, तो ब्लेझर ह्याचाच होता,” वक्ता म्हणाला. भाषण तिथे सापडले.

ज्यांना असा तपशील सापडत नाही त्यांनी चेहरे सोडून हात, पाय आणि कडा पाहाव्यात. कोणाच्या खांद्यावर कोणाचा हात आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोण घाईने येऊन टोकाला उभा राहिला आहे, कोणाच्या पायांत दुसऱ्याच्या चपला आहेत. फोटो काढताना चेहरा सगळेच सावरतात. हातापायांकडे सहसा कोणाचे लक्ष नसते.

आठवण न पडताळता सांगणे

ही चूक सर्वांत अधिक नुकसान करते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वक्त्याच्या मते हा फोटो गॅदरिंगचा होता, आणि ब्लेझर नाटकासाठी उसना दिलेला होता. कोपऱ्यातील तारीख १ जानेवारी २००५ अशी होती, आणि गॅदरिंग जानेवारीतच होत असे, म्हणून त्याला शंका आली नाही. वास्तविक ही मुले २००५ साली हॉस्टेलमध्ये आलेलीच नव्हती. त्या काळच्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली किंवा काही काळ बाहेर काढून ठेवली की त्याचे घड्याळ मूळ स्थितीवर जाई, आणि ती मूळ तारीख बहुधा कोणत्या तरी वर्षाची १ जानेवारी असे. फोटोवर छापलेली तारीख १ जानेवारी असेल तर ती खरी मानण्यापूर्वी थांबावे, हा साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

फोनमध्ये आलेल्या प्रतीच्या बाबतीत वेगळाच घोळ होतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचे नाव बहुधा `IMG-20191027-WA0012.jpg` अशा प्रकारचे असते. त्यातील आकडे फोटो काढल्याची तारीख सांगत नाहीत. तो फोटो त्या फोनवर व्हॉट्सॲपमधून आला किंवा गेला ती तारीख सांगतात. वरील उदाहरणात २७ ऑक्टोबर २०१९, म्हणजे त्या वर्षीचा लक्ष्मीपूजनाचा दिवस; कोणीतरी दिवाळीच्या शुभेच्छांसोबत जुना फोटो ग्रुपवर टाकला, एवढेच त्यावरून कळते. फोटो काढल्याची मूळ नोंद व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवताना गळून जाते. ज्याच्या कॅमेऱ्यातून फोटो निघाला त्याच्याकडे मूळ फाइल असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

यापेक्षा अधिक विश्वासार्ह पुरावा फोटोतच असतो. मागे आंब्याला मोहोर आहे का, मुलांच्या अंगावर स्वेटर आहेत का, मेसच्या फळ्यावर फीस्टची सूचना लिहिली आहे का, इमारतीला नवा रंग लागला आहे का? आमच्या फोटोत पायऱ्या ओल्या होत्या आणि एका कठड्यावर छत्री उघडी वाळत होती. तेवढ्यावरून जानेवारीचे गॅदरिंग बाद झाले.

त्यानंतर फोटोतील तिघांना फोन करण्यात आले. येथेही प्रश्न कसा विचारावा याला महत्त्व आहे. “हा गॅदरिंगचा फोटो ना रे?” असे विचारले, की पंधरा वर्षांनंतर समोरचा “हो, हो, गॅदरिंगचाच” असे म्हणतो, कारण त्यालाही नक्की आठवत नसते आणि मित्राला नाही म्हणण्याचे काही कारण नसते. त्याऐवजी “हा फोटो काढायच्या आधी आपण काय करत होतो?” असे विचारावे आणि गप्प बसावे. ब्लेझर घातलेल्या मुलाने लगेच सांगितले, की ऑगस्टमधला कॅम्पस इंटरव्ह्यूचा दिवस होता, सकाळच्या मुलाखती आटोपून सगळे खाली आले होते, आणि नवरदेव मागे वळून त्याला “तीनच्या आत दे रे” असे बजावत होता, कारण नवरदेवाची स्वतःची मुलाखत दुपारी तीन वाजता होती. फोटो काढणाऱ्यानेही, वेगळा फोन करून विचारल्यावर, कॅम्पसचाच दिवस सांगितला. तिसऱ्याला काहीच आठवत नव्हते, आणि त्याने तसे मोकळेपणाने सांगितले, हेही उपयोगी ठरले.

नाटकासाठी दिलेला ब्लेझर आणि स्वतःच्या मुलाखतीच्या दिवशी दिलेला ब्लेझर या दोन गोष्टींत जो फरक आहे, तोच या भाषणाचा जीव आहे. पडताळणी केली नसती तर सभागृहातील आठ जणांना गोष्ट चुकीची असल्याचे कळले असते, आणि उरलेल्यांना चांगली गोष्ट ऐकायलाच मिळाली नसती.

तपशील दुसऱ्याचाही असतो, हे विसरणे

ब्लेझर देणारा नवरदेव होता, पण घेणारा मागच्या रांगेतील तो उंच मुलगा होता, आणि तो पत्नीसह लग्नाला येणार होता. त्या वेळी ब्लेझर शिवायला पैसे नव्हते, ही गोष्ट त्याने घरी किती सांगितली आहे हे वक्त्याला ठाऊक नव्हते. मित्राच्या उदारपणाचे कौतुक करताना दुसऱ्या मित्राची त्या काळची अडचण माइकवरून जाहीर होते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून त्याला आधी फोन करून गोष्ट जशी सांगणार तशी वाचून दाखवावी. या प्रकरणात त्याने हसून परवानगी दिली, मात्र एक अट घातली, की माझे नाव घेऊ नका, मला स्वतः हात वर करायचा असेल तर मी करीन. ही अट भाषणाच्या पथ्यावरच पडली.

याच कारणासाठी फोटोतील प्रत्येक चेहऱ्यावर एकदा बोट ठेवून पाहावे. कोणी आता हयात नाही का? कोणाचे नवरदेवाशी बोलणे बंद झाले आहे का? फोटो मुला-मुलींचा एकत्र असेल तर त्यात कोणाचे जुने प्रकरण आहे का? दिवंगत मित्राचा उल्लेख करण्यापूर्वी नवरदेवाला विचारावे. तो म्हणाला तर एक वाक्य पुरे, आणि ते भाषणाच्या मध्यावर असावे, अखेरीस नव्हे, म्हणजे श्रोत्यांना सावरायला वेळ मिळतो. उरलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर संपूर्ण फोटो पडद्यावर लावूच नये.

केटी, बंक, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे उद्योग आणि मद्य यांविषयी एवढेच सांगतो, की ज्या गोष्टी नवरदेवाच्या वडिलांना आजवर ठाऊक नाहीत त्या कळवण्याचा दिवस हा नव्हे. टोपणनावांचेही तसेच. ‘मामा’ किंवा ‘बंड्या’ हे नाव सांगून चालते. ज्याचा उगम सांगताना आवाज खाली आणावा लागतो ते नाव सोडून द्यावे.

पडद्यावर फोटो लावून समोर ठिपके दाखवणे

सहा इंच रुंद फोटोत एकतीस माणसे असतील तर एकेक चेहरा साधारण पाच मिलिमीटरचा असतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या, सुमारे १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रतीत त्या चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासेक पिक्सेल येतात. मूळ प्रत ६०० डीपीआयवर स्कॅन केली तर ११८ च्या आसपास येतात, आणि म्हणून स्कॅन करून घेणे केव्हाही चांगले. झेरॉक्सच्या बऱ्याच दुकानांत ते होते, फक्त ‘६०० वर करा’ असे सांगावे लागते. फोटोचा फोनने फोटो काढला तर वरच्या दिव्याची चकाकी नेमकी कोणाच्या तरी चेहऱ्यावर येते.

परंतु स्कॅन उत्तम असूनही फोटो फसतो, कारण अडचण पडद्याची असते. लॉनवर लावतात त्या एलईडी भिंतीत दोन ठिपक्यांमधील अंतर बहुधा तीन ते चार मिलिमीटर असते, म्हणजे दहा फूट रुंद भिंतीवर आडवे जेमतेम आठशे ते हजार ठिपके बसतात. तेवढ्यात पूर्ण ग्रुप फोटो लावला की नवरदेवाचा चेहरा तीसेक ठिपक्यांत आटोपतो, आणि मागे बसलेल्यांना तो ओळखू येत नाही. यासाठी फोटो कापून घ्यावा. आमच्या बाबतीत नवरदेव आणि मागचा ब्लेझरवाला एवढेच दोघे ठेवले, तेव्हा बाह्या किती आखूड आहेत हे शेवटच्या रांगेतूनही दिसणार होते. पूर्ण फोटो लावायचाच असेल तर तो भाषणानंतर लावावा. बोलणे सुरू असताना तो समोर असेल तर लोक स्वतःला आणि ओळखीच्यांना शोधत बसतात.

चुकीच्या वेळी माइक हाती घेणे

आपल्याकडील लग्नात मित्राच्या भाषणाला परंपरेने ठरलेली जागा नाही. मंगलाष्टकांनंतर विधी सुरू असतात, गुरुजींच्या आवाजावर आपला आवाज चढवण्यात अर्थ नसतो. स्वागत समारंभात नवदांपत्य व्यासपीठावर आले, की काही मिनिटांतच भेटायला येणाऱ्यांची रांग लागते, आणि मग प्रत्येक वाक्याच्या मधे कोणीतरी पाकीट देऊन फोटोसाठी उभे राहते. अशा समारंभात बोलायचे असेल तर दांपत्याच्या आगमनानंतर आणि रांग सुरू होण्यापूर्वी, असे निवेदकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. लॉनवर समारंभ असेल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला परवानगी नसते, त्यामुळे ‘जेवणं झाल्यावर बघू’ या आश्वासनावर विसंबू नये. संगीताचा किंवा हळदीच्या संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर माझे मत सरळ त्याच्या बाजूने आहे. माणसे कमी असतात आणि बसलेली असतात.

वेळ तीन मिनिटे. सभागृहात माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दच होतात, म्हणून लिहिलेला मजकूर साडेतीनशे शब्दांच्या पुढे गेला की कापावा.

वधूला शेवटच्या वाक्यात बसवणे

“…आणि वहिनी, आमच्या मित्राला सांभाळा” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असते. त्यात वधूला भाषणात शेपटासारखे जोडलेले असते, हे तिच्या माहेरच्यांना लगेच जाणवते. ती फोटोत नसणार, हे उघड आहे. म्हणून फोटोतून जो स्वभाव दिसला तो तिलाही दिसला आहे का, हे तिलाच विचारावे. आमच्या वक्त्याने वधूला फोन करून विचारले, “त्याची एखादी वस्तू कधी त्याच्याजवळ नव्हती, असं झालंय का?” ती हसतच सुटली. साखरपुड्यानंतर तिने दिलेली पॉवर बँक आठवड्याच्या आत त्याच्या कार्यालयातील सहकाऱ्याकडे गेली होती, आणि तिथून आणखी पुढे. ती गोष्ट सांगण्याची परवानगी तिने तिथेच दिली.

या सगळ्या दुरुस्त्यांनंतर तयार झालेले भाषण असे होते:

“नमस्कार. नवरदेव आणि मी चार वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. माझ्याकडे आमचा एक ग्रुप फोटो आहे, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी काढलेला. मागच्या रांगेत एक उंच मुलगा ब्लेझर घालून उभा आहे, आणि त्या ब्लेझरच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या चार बोटं वर संपतात. कारण तो ब्लेझर त्याचा नाहीच. तो ह्याचा आहे. आणि हा स्वतः पुढे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून मागे वळून त्याला सांगतोय, ‘तीनच्या आत दे रे.’ कारण तीनला ह्याचा स्वतःचा इंटरव्ह्यू होता. ब्लेझर परत आला पावणेतीनला. खिशात त्या मित्राची मार्कलिस्ट राहिली होती, ती द्यायला हा पुन्हा दोन मजले खाली धावला, आणि तसाच धापा टाकत इंटरव्ह्यूला बसला. नोकरी दोघांनाही लागली. वहिनी, तुम्ही दिलेली पॉवर बँक सध्या कोणाकडे आहे, हे तुम्हाला माहीत नाही असं तुम्हीच मला सांगितलंत. आम्हालाही माहीत नाही. ह्याच्या वस्तू घरात राहतील, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण त्या दिवशी तीन वाजता हा तिथे हजर होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा.”

हे भाषण दोन मिनिटांच्या आत संपते. त्यात मूळ मसुद्यातील अकरा जणांपैकी एकाचेही नाव नाही.

टाळी घ्यावी की पेला उंचावावा

गोव्यातील ख्रिस्ती लग्नात टोस्ट हा समारंभाचा ठरलेला भाग असतो. बोलणारा कोण हे आधी ठरते, आणि अखेरीस सगळे पेले उंचावतात. तेथे बोलायचे असेल तर शेवटचे वाक्य उभे राहून पेला वर करण्याचे आमंत्रण देणारे असावे, आणि त्याआधी सर्वांच्या हाती पेला पोहोचला आहे याची खात्री करावी. महाराष्ट्रातील बहुतेक सभागृहांत पाहुण्यांच्या हाती पेला नसतो, आणि कोणी ‘चिअर्स’ म्हटले तर ज्येष्ठ मंडळी अवघडतात. तेथे शुभेच्छांच्या वाक्यानंतर दोन सेकंद थांबावे, माइक निवेदकाकडे द्यावा आणि व्यासपीठावरून उतरावे. टाळ्या आपोआप होतात. ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ असे आपण स्वतः म्हणू नये, आणि खाली उतरल्यावर पुन्हा माइक मागून ‘एक सांगायचं राहिलं’ असे तर मुळीच म्हणू नये.